डोक्यावर आकाश किती?

जबलपूरला आलेला पाहुणा मदन महलच्या टेकडीवर जातोच. गोंड राजांचा तो लहानसा किल्ला आणि वाटेवरचा ‘बॅलन्सिंग रॉक’ पाहून होतो, मग मोबाइल बाहेर निघतात. एका शिळेवर जेमतेम टेकलेली ही दुसरी प्रचंड शिळा २२ मे १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही. तिच्यासोबत आजीचा फोटो हवाच! पण घरी येऊन पाहावे, तर आजी शिळेच्या पायथ्याशी मुंगीएवढी. चेहरा बरोबर मधोमध, वर अर्धा फोटो नुसते आकाश आणि खाली नुसती जमीन.

चेहरा चौकटीच्या मध्यावर धरण्याची सवय हे त्याचे कारण. त्यावर सोपा उपाय आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू करावे. पडद्यावर दोन उभ्या व दोन आडव्या रेघा येतात आणि चौकटीचे नऊ भाग होतात.

आता आजीला शिळेपाशी न धाडता फोनपासून तीन-चार पावलांवर उभे करावे. शिळा मागे दूरच राहू द्यावी. फोन आडवा, आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. कमरेपासून वरचा भाग घेऊन तिचे डोळे वरच्या आडव्या रेघेवर आणावेत. डोक्यावर अर्ध्या-पाऊण डोक्याएवढी जागा आपोआप उरते. त्याहून जास्त राहिली, तर माणूस चौकटीत बुडाल्यासारखा वाटतो. अजिबात नसली, तर डोके छताला टेकल्यासारखे.

मग बाजू ठरवायची. आजी फोटोत उजवीकडे पाहत असेल, तर तिला डाव्या उभ्या रेघेवर घ्यावे आणि शिळा उजव्या रेघेवर. नजरेपुढे मोकळी जागा मिळते आणि पाहणाऱ्याची दृष्टी तिच्या नजरेमागून शिळेपर्यंत जाते. हेच उलट केले, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी आहे असे भासते. आजी थेट कॅमेऱ्याकडे पाहत असेल, तर शिळा ज्या बाजूला, ती बाजू मोकळी ठेवावी.

चेहरा मध्यावरून हलला की फोन कधी कधी मागच्या शिळेवरच फोकस धरतो. म्हणून पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून मगच फोटो काढावा. ०.५ ची रुंद भिंग टाळावी, कारण कडेजवळचा चेहरा ती ताणते. १ किंवा २ चांगली.

रेघांचा हा नियम सगळीकडे चालत नाही. उभ्या फोनने नखशिखान्त फोटो घेताना डोळे वरच्या रेघेवर ठेवले, तर डोक्यावर दोन-तीन डोक्यांएवढे आकाश उरते. तेथे वर साधारण एका डोक्याएवढी जागा आणि पायांखाली थोडी जमीन ठेवावी. अगदी जवळून चेहरा घेताना मात्र केस थोडे कापले गेले तरी चालतात. हनुवटी कापू नये.