९३ टक्क्यांच्या मागे काय दडलंय?

डेटा सायन्सच्या इंटरव्ह्यूची केस स्टडी राऊंड. समोरचा म्हणतो, ‘आमचे प्रीपेड मोबाइलचे ग्राहक सोडून जातायत. काय कराल?’ तुमच्या तोंडावर लगेच येतं, ‘एक्सजीबूस्ट लावीन.’ थांबा. बहुतेक जण अडखळतात ते इथेच.

आधी विचारा, ‘सोडून गेला’ कुणाला म्हणायचं? प्रीपेडवाला राजीनामा देऊन जात नाही, तो रिचार्ज करायचा थांबतो. मग प्लॅन संपून ३० दिवस रिचार्ज नाही म्हणजे गेला, असं काहीतरी ठरवून घ्या. दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा : यादी हातात आल्यावर कंपनी करणार काय? समजा उत्तर आलं, ‘कॉल सेंटर महिन्याला १००० जणांना फोन करून ऑफर देऊ शकतं.’ आता प्रॉब्लेम नेमका झाला. कोण जाईल हे सगळ्यांबद्दल सांगायचं नाहीये, फोन करायला योग्य १००० जण निवडायचेत.

आता बेसलाइन. १०,००० ग्राहकांपैकी ८०० जातात असं धरा. ‘कुणीच जाणार नाही’ असं डोळे मिटून म्हटलं तरी तुम्ही ९२ टक्के बरोबर! म्हणून ९३ टक्के अॅक्युरसीचं कौतुक नको. डोळे झाकून १००० फोन केले तर जाणारे साधारण ८० सापडतील. पण खरी स्पर्धा कंपनीच्या जुन्या नियमाशी आहे : प्लॅन संपून आठवडा झाला की फोन. समजा त्यात २४० सापडतात आणि तुमच्या मॉडेलला ३६०. म्हणजे तुमची कमाई १२०.

आणि मॉडेल अचानक ९८ टक्क्यांवर गेलं तर पेढे वाटू नका, कॉलम तपासा. ‘पोर्टिंगची विनंती’ त्यात घुसली असेल, तर जो निघालाच आहे त्याला तुम्ही ‘ओळखलंत’.

शेवटी मॅनेजर. त्यांना एयूसी सांगू नका. सांगा, ‘तेवढ्याच १००० फोनमध्ये जाणारे १२० जण जास्त सापडतील. दहातला एक ऑफरने थांबला, तर महिन्याला १२ ग्राहक वाचतील. प्रत्येकाचं रिचार्ज २०० रुपयांचं धरलं, तर २,४०० रुपये.’ आकडा छोटा वाटतो ना? तरीही हाच सांगा. दहातला एक हा तुमचा अंदाज आहे, तेही कबूल करा. तो तपासायला यादीतल्या काही जणांना मुद्दाम फोन न करता ठेवा आणि दोन्ही गटांतले किती टिकले ते मोजा, असं सुचवा. लाखो ग्राहकांवर आणि जास्त फोनवर हिशेब बदलेल, कदाचित नाहीही. ‘मग जुना नियमच पुरे’ हेसुद्धा योग्य उत्तर असू शकतं. ते बोलायची हिंमत ज्याच्यात आहे, त्याच्या हातात पुढचे आकडे द्यायला कंपनी कचरत नाही.