हेल्मेट नाही म्हणून गाडी जप्त?

संपादक महोदय,
‘हेल्मेट नसले की गाडी उचलायलाच हवी’ हे आपल्या लेखातले मत कायद्याला धरून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ नुसार गाडी अडकवता येते ती मुख्यतः चालकाकडे परवाना नसेल, तो अल्पवयीन असेल, गाडीची नोंदणी नसेल किंवा परमिटचा भंग झाला असेल तर. हेल्मेट त्यात बसत नाही. हेल्मेटसाठी परवाना मात्र जप्त होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये तशी सोय केली. त्याची पोचपावती देणे पोलिसावर बंधनकारक आहे. पण ती दाखवून गाडी चालवता येत नाही, आणि नेमके हेच लेखकाने गाळले. कागदपत्रे मोबाइलवर, डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी चालतात. चौकातल्या हवालदारालाही हे कुणीतरी सांगावे!

— एक दुचाकीस्वार, पुणे