रोज्याला नोबेलचा दाखला कशाला?

रमजानचा चाँद दिसला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. रोज्याचे फायदे सिद्ध केल्याबद्दल एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले, उपाशी राहिले की शरीर आजारी पेशी आणि कॅन्सर खाऊन टाकते, असा त्याचा मतलब. आषाढी एकादशीला हाच मजकूर पुन्हा येतो, फक्त ‘रोजा’ जाऊन ‘उपवास’ झालेला असतो. पाठवणाऱ्यांची नियत चांगलीच असते. पण रोजा तकव्यासाठी ठेवला जातो, त्याला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. आणि तो शिक्का मुळात मारलेलाच नसेल, तर इबादतीच्या नावावर एक खोटी गोष्ट घरोघर जाते.

खरी गोष्ट अशी. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते यीस्टवरच्या कामासाठी, पाव फुगवणाऱ्या त्याच यीस्टवरच्या. माणसाच्या उपवासाचा त्यात संबंध नव्हता. पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग कसे पचवते, हे ते शोधत होते. या पचवण्याला ऑटोफॅजी म्हणतात, मराठीत स्वभक्षण म्हणता येईल. ओसुमींनी यीस्टचा असा वाण घेतला की ज्याच्या पचनाच्या पिशवीतली प्रथिने तोडणारी विकरे बंद पडली होती. मग त्या यीस्टला उपाशी ठेवले. काही तासांत ती पिशवी न पचलेल्या गाठोड्यांनी भरून गेली आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू लागली. पचन चालू असते तर गाठोडी लगेच विरघळली असती आणि काहीच दिसले नसते. म्हणजे स्वभक्षण डोळ्यांनी दिसले, ते पचन बंद पाडल्यावर. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

माणसाच्या पेशीतल्या या पचनाच्या पिशवीचे नाव लायसोसोम, शाळेच्या पुस्तकातली लयकारिका. तिचा शोध चक्क फ्रिजमुळे लागला. १९४९ साली बेल्जियममधल्या लुवें विद्यापीठात ख्रिस्तियान द दूव उंदराच्या यकृताच्या अर्कात एक विकर मोजत होते. ताज्या अर्कात ते अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे भरले. तोच अर्क पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवून मोजला तर भरपूर. विकर मुळात कमी नव्हतेच, ते एका पातळ पडद्याच्या पिशवीत कोंडलेले होते. पडदा फाटल्यावर ते बाहेर आले. या पिशवीत साठेक प्रकारची विकरे असतात आणि आतले पाणी आम्ल असते, म्हणून पचन आतच होते, बाहेरच्या पेशीला धक्का लागत नाही. शाळेत तिला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणून शिकवतात. ते नाव तिच्यावर अन्यायच करते, कारण मारणे हे तिचे रोजचे काम नाही. तिचे रोजचे काम भंगार गाळण्याचे आहे.

पेशीत एखादी तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा तयार करणारा कण, निकामी झाला की त्याच्याभोवती दुहेरी पडदा गुंडाळला जातो. ते गाठोडे लायसोसोमला येऊन मिळते, विकरे आतल्या मालाचे तुकडे करतात आणि ते तुकडे नव्या बांधकामाला वापरले जातात. अन्न कमी पडले की हे काम वाढते, हे खरे आहे. पण त्याचा बहुतेक पुरावा यीस्ट आणि उंदरांतला आहे. चोवीस तास उपाशी असलेला उंदीर आणि सहरी करून तेरा-चौदा तासांनी इफ्तार करणारा माणूस यांची तुलना होत नाही, उंदराचा साठा फार लवकर संपतो. माणसात स्वभक्षण किती चालू आहे हे सांगणारी दवाखान्यातली साधी रक्ततपासणीही नाही. तेव्हा ‘सोळाव्या तासाला सफाई सुरू’ हे आकडे कुणी मोजून सांगत नाही.

त्या संदेशात न येणारी बाजू याहून महत्त्वाची आहे. गाठोडी येत आहेत, पण पिशवीतले एक विकर जन्मापासूनच नाही. मग?

१९३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचे डॉक्टर पॉम्पे यांनी सात महिन्यांच्या एका मुलीची हकीकत छापली. तिचे हृदय प्रचंड वाढले होते आणि त्यात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची साठवणीची साखर, ठासून भरले होते. कोडे असे की अशा मुलांच्या रक्तातली साखर ठीक असते. साठवलेली साखर मोडता येत असूनही ती साचते कुठे आणि का? उत्तर मिळाले १९६३ मध्ये, द दूव यांच्याच विद्यापीठात. आंरी हेर्स यांना दिसले की पेशीतली बहुतेक साखर नेहमीच्या वाटेने मोडतेच आहे. पण थोडी साखर गाठोड्यांतून लायसोसोममध्ये जाते आणि ती फोडणारे आम्ल अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर या मुलांत नाही. थोडी थोडी साचत पिशव्या फुगतात, स्नायूच्या तंतूंना बाजूला ढकलतात. शिवाय फुगलेल्या पिशव्या नवी गाठोडी घेत नाहीत, तीही स्नायूत ढिगाने पडून राहतात. ओसुमींच्या यीस्टमध्ये जे मुद्दाम घडवले होते, ते इथे मुलाच्या अंगात आपोआप घडते. अशा पेशीला ‘स्वभक्षण वाढवा’ म्हणणे म्हणजे गिरणी बंद असताना दारात आणखी पोती टाकणे.

असे मूल पहिल्या काही महिन्यांतच लुळे वाटते. मान धरत नाही, दूध पिताना दमते, छातीच्या एक्स-रेत हृदय मोठे दिसते. लोक ‘उशिरा चालेल’ म्हणून थांबतात आणि तिथेच वेळ जातो, कारण उपचार नसेल तर बहुतेक मुले पहिला वाढदिवस पाहत नाहीत. २००६ पासून हे विकर औषध म्हणून मिळते. किलोमागे २० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी शिरेतून, आयुष्यभर. एका कुपीत ५० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ४ कुप्या लागतात, म्हणजे वर्षाला १०४. मूल वीस किलोचे झाले की दुप्पट. औषधाने हृदय चांगले सावरते. हातापायांचे स्नायू तेवढे सावरत नाहीत, कारण तिथल्या ढिगाऱ्यातून विकर नीट पोहोचत नाही. म्हणून ढीग साचण्याआधी सुरुवात करावी लागते.

केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात या आजाराला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. पण मदतीला मर्यादा आहे आणि औषधाला नाही. मूल वाढते तसा खर्च वाढतो आणि रक्कम मध्येच संपते. ही मर्यादा धोरण आखणाऱ्यांनी काढायला हवी.

काही गोष्टी घरातही बोलायला हव्यात. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. दोघांत तो लपलेला असेल तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते. चुलत, मावस भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या घरांतही तितकीच. एखादे बाळ असे गेले असेल, तर पुढच्या वेळी नशिबाला बोल लावण्याआधी जनुकतज्ज्ञाला भेटावे. गरोदरपणातही तपासणी होऊ शकते. जन्मलेल्या बाळाच्या टाचेतले रक्ताचे काही थेंब कागदावर वाळवून पाठवले तरी हे विकर मोजता येते. तैवानमध्ये नवजात बाळांची अशी तपासणी २००५ पासून होते आणि तिथे पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झालेली कित्येक मुले पुढे चालू लागली. आपल्याकडे प्रत्येक बाळाची ही तपासणी अजून होत नाही.