झरीचा झ आणि आपला आळस

परवा, म्हणजे गेल्या शनिवारी, गावाकडून फोन आला. गाव म्हणजे झरी. परभणीहून जिंतूरला जाताना लागतं. चुलत बहीण सध्या पायथॉन शिकतेय. तिचा आवाज अगदी पडलेला.

"दादा, फाईल खराब झाली का माझी? कामून होतंय असं? सर म्हनले, मराठी कॉम्प्युटरला झेपत नाही, इंग्लिशमधी लिही गावाची नावं."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आधी तिच्या सरांवर फिरलं, मग स्वतःवर. कारण माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "एन्कोडिंगचा लोचा असेल गं." आता सांगा, या दोन उत्तरांत फरक काय? सरांनी न बघता भाषेला दोष दिला, मी न बघता एन्कोडिंगला दिला. निदान दोघांनीही केलं नाही. आपण आयटीवाले हे रोज करतो. अक्षरांच्या जागी कचरा दिसला की "एन्कोडिंग" म्हणायचं आणि चहाला जायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की नेमका कोणता कचरा दिसायला हवा हे आधी सांगता येत नसेल, तर "एन्कोडिंग चुकलंय" हे निदान नाही, तो नुसता अंदाज आहे.

तर तिची केस बघू. तिने नोटपॅडमध्ये रस्त्यावरच्या गावांची यादी केली होती: परभणी, बोरी, जिंतूर. प्रोग्राम दोन ओळींचा.

```
f = open('gav.txt')
print(f.read())
```

नोटपॅडमध्ये यादी छान दिसायची, पण प्रोग्राममध्ये बोरीच्या जागी à¤¬à¥‹à¤°à¥€ यायचं. मग तिच्या लक्षात आलं की आपलंच गाव राहिलं! तिने परभणीच्या खाली झरी टाकलं, आणि आता कचरासुद्धा येईना. प्रोग्रामच मेला:

```
UnicodeDecodeError: 'charmap' codec can't decode byte 0x9d in position 19: character maps to <undefined>
```

सरांनी यावरून निष्कर्ष काढला की हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि फाईल करप्ट आहे. खरं तर बिघाड एकच आहे, आणि तो हातावर मोजून दाखवता येतो.

नोटपॅड २०१९ च्या विंडोज अपडेटपासून नवी फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. खाली उजव्या कोपऱ्यात तसं लिहिलेलंही असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले: E0 A4 किंवा E0 A5. खूण म्हणजे अक्षर नव्हे बरं का, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. बोरी म्हणजे ब, ो, र, ी अशा चार खुणा आणि बारा बाइट. आता हेच बाइट विंडोजच्या जुन्या cp1252 तक्त्याने वाचले तर काय होईल? त्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. E0 चं à होतं, A4 चं ¤ आणि A5 चं ¥. म्हणजे चाराच्या जागी बारा चिन्हं यायला हवीत, आणि दर तिसऱ्या जागी à. वरचा कचरा मोजून बघा. बरोब्बर बारा. तिच्याकडून मी हेच फोनवर मोजून घेतलं.

पण नुसतं साम्य पुरत नाही. अंदाज आधी, निकाल नंतर. म्हणून तिला ही ओळ टाईप करायला लावली:

```
print('बोरी'.encode('utf-8').decode('cp1252'))
```

शुद्ध शब्द मुद्दाम चुकीच्या तक्त्यातून काढला, आणि जसाच्या तसा तोच कचरा आला. आता "असेल" नाही, "आहे".

मग झरीने काय पाप केलं? cp1252 मध्ये २५६ जागा आहेत, त्यातल्या पाच रिकाम्या: 81, 8D, 8F, 90 आणि 9D. झ चे बाइट आहेत E0 A4 9D. तिसरा बाइट नेमका रिकाम्या जागेवर पडतो आणि पायथॉन तिथेच हात वर करतो. एररमधला १९ हा आकडा तपासा. परभणीच्या पाच खुणांचे १५ बाइट, ओळ संपल्याचे दोन, म्हणजे शून्यापासून मोजलं तर झ चा पहिला बाइट १७ वर, तिसरा १९ वर. बसलं ना?

गंमत म्हणजे याच पाच जागांवर ए, ऐ, ऱ्हस्व उकार आणि हलन्तसुद्धा पडतात. म्हणजे कुठलंही जोडाक्षर आलं की प्रोग्राम बंद! दीर्घ ऊकार मात्र सुखरूप पार होतो, म्हणून जिंतूर वाचलं. तिच्या पहिल्या यादीत एकही जोडाक्षर नव्हतं हा निव्वळ योगायोग. आणि शिकणाऱ्याला वाटतं, काही शब्द चालतात, काही चालत नाहीत, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय.

औषध एका शब्दाचं: `open('gav.txt', encoding='utf-8')`. झरी, झ सकट, स्क्रीनवर आलं. फाईलला काहीही झालेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण "यूटीएफ-८ कर" हे रामबाण म्हणून वाटत फिरणारेही कमी नाहीत. à¤ ची माळ नसेल तर थांबा. मराठीच्या जागी ejkBh दिसत असेल तर ते एन्कोडिंग नव्हेच. ती कृतिदेव फॉन्टमधली जुनी फाईल आहे, तिच्यात खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलीत. तक्ता कितीही बदला, ती तशीच राहणार. तिला कन्व्हर्टर लागतो. नुसते चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, मजकूर बहुधा ठीक आहे. आणि फाईलमध्येच ????? असेल तर वाईट बातमी आहे. कोणीतरी ती जुन्या तक्त्यात सेव्ह केलीय, मूळ बाइट गेले. म्हणून पहिला नियम: कचरा दिसत असताना सेव्ह दाबायचं नाही. सरांनी सुचवल्याप्रमाणे ती तो कचरा कॉपी करून नव्या फाईलमध्ये टाकणार होती! तसं केलं असतं तर कचराच यूटीएफ-८ मध्ये पक्का झाला असता. तो उलटा फिरवता येतो, पण झ आणि हलन्ताचे न दिसणारे बाइट कॉपी-पेस्टमध्ये गळले नसतील तरच.

आता मुद्द्याचं. विंडोजने देवनागरीला सिस्टिमचा डीफॉल्ट म्हणून असा एक-बाइटी तक्ता कधी दिलाच नाही. विंडोजमध्ये मराठीची सोय आली तीच युनिकोडमधून. तरीही आपली मशीनं न विचारता युरोपचा तक्ता लावतात, कारण कोणीतरी डीफॉल्ट तसं ठेवलं. पायथॉनने PEP 686 मध्ये ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरवलं, म्हणजे चूक शिकणाऱ्याची नव्हती हे भाषा बनवणाऱ्यांनीच कबूल केलं. आपल्या ऑफिसात मात्र अजून `open()` एन्कोडिंगशिवाय लिहिला जातो, कारण टेस्ट डेटामध्ये सगळी नावं जॉन आणि मेरी. मी स्वतः लिहिलाय.

तेव्हा सोमवारी एक काम करा. तुमच्या टेस्ट डेटामध्ये एक गाव टाका: झरी. चाललं तर उत्तम. नाही चाललं तर निदान कळेल की न झेपणारं नेमकं काय होतं.

असो. बहिणीने यादी पूर्ण केली. सगळी मराठीत.