हिमोग्लोबिन १८ आलं म्हणजे रक्ताचा कर्करोग का? धूम्रपान, घोरणं आणि टेस्टोस्टेरॉनमुळे घट्ट होणारं रक्त

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत आता घरी येऊन रक्त घेणाऱ्या लॅब आणि 'फुल बॉडी चेकअप'च्या ऑफर यांची कमतरता नाही. त्यामुळे कसलीही तक्रार नसलेल्या माणसाच्या हातात रिपोर्ट येतो आणि हिमोग्लोबिनसमोर 'जास्त' असं लिहिलेलं दिसतं. घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं, 'पॉलिसायथेमिया व्हेरा' हे नाव सापडतं आणि त्याखाली 'रक्ताचा कर्करोग' असं वाचून सगळ्यांची झोप उडते.

असा रिपोर्ट येणाऱ्या बहुतेकांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त बनवणारा भाग, निरोगी असते. ती जास्त रक्त बनवते, कारण तिला तशी ऑर्डर मिळालेली असते. ही ऑर्डर कुठून आली, हे शोधणं हाच तपासणीचा गाभा आहे.

किती म्हणजे जास्त?

रिपोर्टमध्ये दोन आकडे बघा: हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट. दुसरा आकडा बहुतेक लॅब 'पीसीव्ही' या नावाने छापतात. शंभर मिली रक्तात तांबड्या पेशींनी किती जागा व्यापली आहे, ते तो सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या निकषांत पुरुषांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा १८.५ आणि स्त्रियांसाठी १६.५ होती. २०१६ मध्ये ती पुरुषांसाठी १६.५ आणि स्त्रियांसाठी १६ केली गेली. पीसीव्हीची मर्यादा अनुक्रमे ४९ आणि ४८ टक्के ठरली. मज्जेचा आजार लवकर पकडता यावा, हा त्यामागचा हेतू होता. पण त्यामुळे पूर्वी कुणी दुसऱ्यांदा बघितले नसते असे अनेक धडधाकट पुरुषही या जाळ्यात येऊ लागले. म्हणून १६.५ ओलांडणं म्हणजे निदान नव्हे. आता थोडं खोलात बघू, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुलुंड-घाटकोपरमध्ये सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली कुटुंबं बरीच आहेत आणि या समाजांत थॅलेसेमिया मायनर तुलनेने जास्त आढळतो. अशा व्यक्तीच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशींची संख्या ६० लाखांच्या वर दिसते, पण पेशी लहान असतात आणि हिमोग्लोबिन ११-१२ असतं. याला पॉलिसायथेमिया म्हणत नाहीत. पेशींची संख्या नव्हे, हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही वाढलेले हवेत.

ऑर्डर वाढली की कारखाना बिघडला?

रक्तातून ऊतींपर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोचतोय का, यावर मूत्रपिंडाचं लक्ष असतं. तो कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) नावाचं संप्रेरक सोडतं. ही झाली ऑर्डर. मज्जा हा कारखाना. ऑर्डर वाढल्यामुळे कारखाना जास्त माल काढू लागला, की त्याला सेकंडरी पॉलिसायथेमिया म्हणतात.

पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये बिघाड कारखान्यातच असतो. मज्जेतल्या मूळ पेशीच्या जॅक२ या जनुकात बदल होतो आणि यंत्र चालू स्थितीत अडकून बसतं. हा बदल २००५ मध्ये सापडला आणि या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो असतो. ऑर्डर नसतानाही माल निघत राहतो, म्हणून अशा रुग्णात ईपीओ सहसा कमी असतं. जॅक२ची तपासणी हाताच्या शिरेतून घेतलेल्या साध्या रक्तावर होते. त्यासाठी सुरुवातीलाच मज्जेची तपासणी करावी लागत नाही.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजण्यासाठी रचलेलं एक उदाहरण घेऊ. वय ४६, राहायला घाटकोपर, नोकरी अंधेरीत. हिमोग्लोबिन १८.२, पीसीव्ही ५५, पांढऱ्या पेशी १०,८००, प्लेटलेट २.४ लाख.

पहिली पायरी: तपासणी पुन्हा करणं. चेकअपला माणूस रात्रभर उपाशी आणि बरेचदा पाणीही न पिता जातो. रक्तातलं पाणी कमी झालं की पेशी वाढल्यासारख्या दिसतात. दोन आठवड्यांनी, व्यवस्थित पाणी पिऊन केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १७.८ आणि पीसीव्ही ५३ आलं. म्हणजे वाढ खरी आहे.

दुसरी पायरी: सिगारेट. हे गृहस्थ रोज १२ ओढतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो आणि उरलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजन सहजी सोडत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. 'ऑक्सिजन तर ९८ आहे, मग सिगारेटचा काय संबंध?' या प्रश्नाचं हे उत्तर. खरी स्थिती कार्बॉक्सीहिमोग्लोबिनच्या तपासणीत कळते. ते धूम्रपान न करणाऱ्यात साधारण २ टक्क्यांच्या आत असतं. यांचं ६ आलं. धूम्रपानाने पांढऱ्या पेशीही थोड्या वाढतात, म्हणून १०,८०० बघून घाबरायचं कारण नव्हतं.

हुक्क्यातही हाच वायू असतो आणि तो निखाऱ्यातून येतो. त्यामुळे 'हर्बल' हुक्काही यातून सुटत नाही. महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये बंदी आणली, तरी हुक्का कुठेतरी ओढला जातोच. डॉक्टरांना ते सांगा. तंबाखू, गुटखा चघळण्याचे तोटे गंभीर आहेत, पण त्यात धूर नसल्यामुळे या मार्गाने रक्त घट्ट होत नाही.

तिसरी पायरी: झोप. हा प्रश्न रुग्णापेक्षा त्याच्या पत्नीला विचारावा लागतो. त्या म्हणाल्या, "घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग दचकून मोठा श्वास घेतात." हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या चेकअपला आलेल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लक्षणांसह स्लीप ॲप्निया ७.५ टक्के पुरुषांत आढळला होता. म्हणजे आपल्याकडे हा विकार दुर्मीळ नाही. पण एक मर्यादा लक्षात घ्या: केवळ स्लीप ॲप्नियाने पीसीव्ही सहसा थोडंच वाढतं. वाढ मोठी असेल, तर दिवसाही ऑक्सिजन कमी पडतोय का, फुप्फुसाचा आजार किंवा अतिलठ्ठपणामुळे श्वास उथळ झालाय का, हे बघावं लागतं. यांच्या स्लीप स्टडीत तासाला २८ वेळा श्वासात अडथळा आढळला.

चौथी पायरी: टेस्टोस्टेरॉन. खोदून विचारल्यावर कळलं की जिममधल्या सल्ल्याने सहा महिने दर आठवड्याला २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन चालू होतं. बायकोलाही माहीत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन ईपीओ वाढवतं आणि शरीरातलं साठवलेलं लोह मज्जेला जास्त मिळेल अशी व्यवस्थाही करतं. इंजेक्शननंतर पातळी एकदम उसळते, म्हणून जेलपेक्षा इंजेक्शनने पीसीव्ही जास्त वाढतं.

शेवटी ईपीओ नॉर्मल आलं आणि जॅक२ निगेटिव्ह. प्लीहा वाढलेली नव्हती. निदान: सेकंडरी पॉलिसायथेमिया, कारणं तीन. सिगारेट सुटली, एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली इंजेक्शन थांबलं, रात्री सीपॅप मशीन सुरू झालं. चार महिन्यांनी पीसीव्ही ४८ वर आलं. एवढा वेळ का? तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ऑर्डर आज थांबली तरी बनलेला माल संपायला तेवढा काळ लागतो. आठवड्याभरात पुन्हा तपासून निराश होऊ नका.

'टेस्टोस्टेरॉन सुरक्षित आहे' ही बातमी नीट वाचा

२०२३ मध्ये 'ट्रॅव्हर्स' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाल्यापासून टेस्टोस्टेरॉन हृदयाला सुरक्षित असल्याचं सांगितलं जातं. त्यात ४५ ते ८० वयाचे पाच हजारांहून अधिक पुरुष होते. सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका होता. हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलं नाही, हे खरं. पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे औषध घेणाऱ्यांत काहीसं जास्त आढळलं.

त्यांना दिलं होतं ते जेल, आणि रक्ताची पातळी व पीसीव्ही बघत डोस बदलला जात होता. जिममधल्या मोजमाप नसलेल्या इंजेक्शनला हा निष्कर्ष लागू होत नाही. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन दिलं असेल, तर सुरू करण्याआधी, ३ ते ६ महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी पीसीव्ही तपासलं जायला हवं. ते ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवायचं असतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर तेही सांगा. या गोळ्यांनी पीसीव्ही दोन-चार अंकांनी वाढतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

मज्जेच्या आजाराचा संशय कधी?

अंघोळीनंतर पुरळ नसताना अंगाला सुटणारी तीव्र खाज, तळहात-तळपाय लाल होऊन जळजळणं, वाढलेली प्लीहा, तांबड्या पेशींबरोबर प्लेटलेटही वाढणं, किंवा यकृताच्या शिरेसारख्या अनपेक्षित जागी गुठळी होणं. यांपैकी काही असेल, किंवा कोणतंच बाहेरचं कारण सापडत नसेल, तर जॅक२ आणि ईपीओ तपासून रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. सिगारेट ओढणाऱ्यालाही मज्जेचा आजार होऊ शकतो. म्हणून कारण दूर करूनही तीन-चार महिन्यांत पीसीव्ही उतरलं नाही, तर तपास पुढे न्यावा लागतो.

हा फरक उपचारासाठी महत्त्वाचा आहे. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये रक्त काढून पीसीव्ही ४५ च्या खाली ठेवल्याने गुठळ्या आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१३ च्या इटलीतल्या अभ्यासाने दाखवलं. जोडीला कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि काहींना हायड्रॉक्सियुरिया देतात. सेकंडरी प्रकारासाठी असा पुरावा नाही. तिथे वारंवार रक्त काढलं तर लोह संपतं, थकवा येतो आणि ऑर्डर देणारं कारण तसंच राहतं. पीसीव्ही फारच वाढून डोकं जड होणं, धूसर दिसणं असा त्रास असेल, तर तज्ज्ञ मोजकं रक्त काढतात. इंजेक्शन चालू ठेवून दर तीन महिन्यांनी रक्तदान करायचं आणि आकडा खाली ठेवायचा, हा जिममधला तोडगा उपचार नव्हे. रक्तपेढीच्या फॉर्मवर औषध लपवणं तर चुकीचंच.

डॉक्टरांकडे जाताना जुने सीबीसी रिपोर्ट न्या. पाच वर्षांपूर्वीही हिमोग्लोबिन १७ असेल, तर त्याचा अर्थ वेगळा निघतो. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या आणि इंजेक्शन, पावडर, हुक्का यांतलं काही लपवू नका. सिगारेट सोडायला मदत हवी असेल, तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. त्याचं एक केंद्र मुंबईतच, टाटा मेमोरियलमध्ये आहे.

एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, एकच पाय सुजून दुखणं किंवा दृष्टी जाणं, यांतलं काही झालं तर रिपोर्टची वाट बघू नका. थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.