अनुपमा आधी की अरुंधती?

गणपतीतली गोष्ट आहे. आमच्या इंदूरच्या मंडळात दरवर्षी एक संध्याकाळ प्रश्नमंजूषेची असते. यंदा मालिकांची फेरी माझ्या वाट्याला आली होती. मी मोठ्या हौशीने बारा प्रश्न काढले. त्यातला सातवा असा होता : "'अनुपमा' या हिंदी मालिकेवरून मराठीत केलेल्या मालिकेच्या नायिकेचं नाव काय?" माझ्या कागदावर उत्तर होतं, अरुंधती.

समोरच्या चमूत शेजारच्या काकू होत्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्या म्हणाल्या, "अगं, हा प्रश्नच चुकलाय. अरुंधती अनुपमावरून नाही आलेली." मी हसून म्हटलं, "काकू, वाद नको, उत्तर द्या, टाइम होऊन राहिलाय." त्यांनी उत्तर दिलं नाही. गुण दुसऱ्या चमूला गेले आणि एका गुणाने काकूंचा चमू हरला.

रात्री परत जाताना काकूंनी मला एवढंच सांगितलं, "लॉकडाऊन लागला ना, तेव्हा मी अरुंधतीसाठी हळहळत होते. शूटिंग बंद पडलं होतं. तेव्हा कुठे होती तुझी अनुपमा?"

घरी येऊन तारखा बघितल्या आणि खरंच लाज वाटली. 'आई कुठे काय करते!' स्टार प्रवाहवर 23 डिसेंबर 2019 ला सुरू झाली. 'अनुपमा' स्टार प्लसवर आली 13 जुलै 2020 ला. ती मार्चमध्ये यायची होती, लॉकडाऊनमुळे लांबली. पण मार्चमध्ये आली असती तरी मराठीच्या मागूनच आली असती. आणि दोघींचंही मूळ तिसरीकडेच आहे : स्टार जलसा वाहिनीवरची बंगाली 'श्रीमयी', जून 2019 मधली. म्हणजे अनुपमा अरुंधतीची आई नाही. दोघी बहिणी आहेत, आणि त्यातली अरुंधती थोरली आहे.

आता मला जे म्हणायचंय ते हे. माझी चूक घाईची नव्हती, सवयीची होती. आपण महाराष्ट्राबाहेरचे लोक हिंदीत वाढलो. शाळा हिंदी, बाजार हिंदी, टीव्हीवर आधी हिंदी वाहिनी लागते. त्यामुळे जी गोष्ट आपल्याला आधी हिंदीत दिसते ती मूळ, आणि मराठीतली दिसली की "हां, त्याचंच मराठी केलंय" असं आपण सहज बोलून जातो. कोणी तारीख बघत नाही. मीही बघितली नव्हती.

असं कधीच नसतं असं मात्र नाही. 'फुलाला सुगंध मातीचा' घ्या. 2020 ची ही मालिका खरोखर 2011 च्या 'दिया और बाती हम'वरून केलेली आहे. पुष्करच्या सूरज हलवायाची बायको संध्या आयपीएस व्हायचं स्वप्न बघते, मराठीत शुभमची कीर्ती तेच बघते, नवऱ्याचं मिठाईचं दुकानसुद्धा तसंच. तिथे "हिंदीवरून मराठी" म्हणणं बरोबर. पण प्रत्येक जोडीला तोच नियम लावायचा नाही. एकाच कथेच्या चार-पाच भाषांत मालिका निघतात. त्या एकामागे एक रांगेत उभ्या नसतात, एकाच खोडाच्या फांद्या असतात.

मग प्रश्न नेमका कोणत्या फांदीबद्दल आहे हे ओळखायचं कसं? समजा, प्रश्न असा आला : "पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईचा नवरा ऑफिसमधल्या बाईत गुंततो. मालिका कोणती?" याला निदान तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर. कथानकावरून तुम्ही कधीच ठरवू शकणार नाही, कारण कथानकच तर उधार घेतलेलं असतं. बदलतात त्या बारीक गोष्टी. ती दुसरी बाई बंगालीत जून, मराठीत संजना, हिंदीत काव्या. मुलं अभिषेक, यश, ईशा असतील तर अरुंधतीचं घर. पारितोष, समर, पाखी असतील तर अनुपमाचं. अनुपमा अहमदाबादच्या शहांची गुजराती सून, तिचा जीव नाचात. अरुंधतीचा गाण्यात. पुढे आयुष्यात आलेला माणूस अनुज कपाडिया असेल तर हिंदी, आशुतोष केळकर असेल तर मराठी. यातली एक जरी खूण प्रश्नात असली तरी उत्तर एकच उरतं.

नटांच्या नावाने मात्र जपून. "या मालिकेत रूपाली कोणाची भूमिका करते?" असं कोणी विचारलं तर फसाल. हिंदीतली रूपाली गांगुली स्वतः अनुपमा आहे, आणि मराठीतली रूपाली भोसले म्हणजे संजना! एका रूपालीचा संसार मोडतो, दुसरी मोडते. आडनाव न सांगता प्रश्न काढला तर मारामारी ठरलेली.

पात्रांच्या मराठी आडनावावरून मराठी मालिका ओळखू गेलात तरी तोंडघशी पडाल. "देशमुखांच्या घरची सून, नाव अ वरून" असं विचारा. अर्धे लोक अरुंधती म्हणतील, आणि आमच्या इंदूरचे तर हमखास अर्चना म्हणतील. कारण 'पवित्र रिश्ता'ची अर्चना म्हणजे आपली अंकिता लोखंडे, इथलीच मुलगी. त्या मालिकेत घर मराठी, सासू उषा नाडकर्णी, आई सविता प्रभुणे, पण भाषा हिंदी, आणि मूळ कथा 'तिरुमती सेल्वम' या तमिळ मालिकेची. घर एका भाषेचं, बोलणं दुसऱ्या, गोष्ट तिसऱ्या. आता सांगा, "मूळ भाषा कोणती" या प्रश्नाला काय उत्तर द्याल?

म्हणून माझं मत असं झालंय की मालिकेवरच्या प्रश्नात वाहिनी आणि सुरू झाल्याचं वर्ष, या दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. "स्टार प्रवाहवर 2019 मध्ये सुरू झालेल्या" एवढे शब्द जोडले असते तर माझ्या प्रश्नाला वाद उरला नसता. आणि "मूळ", "वरून केलेली" हे शब्द तारखा तपासल्याशिवाय लिहायचेच नाहीत. खेळणाऱ्याने प्रश्न चुकलाय म्हटलं तर त्याला उत्तर द्यायला लावू नये, आधी ऐकून घ्यावं. मी पंच होते, माईक माझ्या हातात होता, म्हणून मी बरोबर ठरले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि काकूंच्या चमूला गुण दिला. दोन्ही चमू बरोबरीत आले. बक्षिसाचा डबा एकच होता, तो फोडून सगळ्यांनी खाल्ला. काकूंनी एक चकली उचलली आणि म्हणाल्या, "गुणाचं काही नाही गं. पण आपली मालिका आधीची असून आपणच तिला नक्कल म्हणायचं, हे बरं नाही."

मला बोलता आलं नाही. पुढच्या वर्षीचे प्रश्न आधी काकूंना दाखवणार आहे.