नळी ओढू नये, फिरवावी

दिवाळीच्या झाडलोटीला आमच्या मोडनिंबच्या घरी हल्ली केरसुणीच्या जोडीला व्हॅक्यूम क्लीनर असतो. यंदा त्याची नळी यंत्राच्या तोंडात अशी रुतून बसली, की धाकट्या बंधूंनी ती दोन्ही हातांनी ओढायला घेतली. मी त्यांना थांबवले. असा हिसका मारला की लवचीक नळी टोकाच्या कडक कड्यापासून तुटते आणि कडे आतच राहते. मग नव्या नळीसाठी सोलापूर गाठा!

प्रथम प्लग काढावा. मग कड्याला खटका आहे का, ते पाहावे. असल्यास तो दाबल्याशिवाय कडे सुटतच नाही. आमच्या नळीला खटका नव्हता. कडे मुळात घट्ट बेताचे, त्यात फटीत पिठासारखी माती बसून तिची पाचर झाली होती. दात घासायच्या जुन्या, कोरड्या ब्रशाने ती कोरून काढली. मग एका हाताने यंत्र दाबून धरले, दुसऱ्याने नळी न धरता कडेच धरले आणि ते डावीउजवीकडे थोडथोडे फिरवले. घट्ट बांगडी उतरवतात तसे. कडे फिरू लागल्यावर फिरवता फिरवताच ते बाहेर घेतले.

तेल मात्र घालू नये, धूळ त्यात कालवून चिकट लगदा होतो. कडे व तोंड कोरड्या फडक्याने पुसावे, आणि काम संपले की दर वेळी नळी काढून ठेवावी. माती साचायला मग सवडच मिळत नाही.